मदत हवी आहे : दख्खनच्या धर्मपरंपरांचा दहा आठवड्यांचा अभ्यासक्रम

पदवीच्या पहिल्या वर्षासाठी आठवड्याला दोन तासांचा हा परिचयात्मक अभ्यासक्रम असून वाचन फक्त मराठीत द्यायचे आहे. गेल्या वर्षी मी दोन-दोन आठवडे एकेका धर्माला दिले आणि शेवटी ‘समन्वय’ ठेवला. परिणामी श्रीगोंद्याचे मुस्लिम संतकवी शेख महंमद ‘नेमके कोणाचे’ हाच प्रश्न उत्तरपत्रिकांत उरला.

यंदा आठवडे गुरुपरंपरा, तीर्थ, भाषा, अन्न अशा विषयांवर बेतले आहेत. सूफी परंपरेतले चांद बोधले हे परंपरेनुसार शेख महंमदांचे गुरू आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू असल्याने तिसरा आठवडा त्यांच्यापासून सुरू होतो. भाषेच्या आठवड्यात ख्रिस्ती धर्मप्रसारक थॉमस स्टीफन्सचे १६१६चे ‘क्रिस्तपुराण’ ओवीछंदामुळे चपखल बसते. मात्र सारेच परस्परांत मिसळलेले होते, असा भाबडा समजही मला नको आहे. एकनाथांच्या हिंदू-तुर्क संवादात भांडण खरे आहे.

अडचण जनगणनेची आहे. १८७२पासूनच्या जनगणनांनी धर्माचे रकाने कसे पक्के केले, हे दुसऱ्या आठवड्यात शिकवले तर विद्यार्थी आधीचे भेद वसाहतकाळातच घडले असे मानतील. नवव्यात शिकवले तर तोवर तेच रकाने गृहीत धरतील. हा विषय आपण कोणत्या आठवड्यात ठेवाल आणि त्यासाठी पदवीच्या विद्यार्थ्यांना पेलेल असा कोणता मराठी मजकूर द्याल?