मदत हवी आहे : आईचं क्रिएटिनिन अचानक वाढलं, आहार काय ठेवू?

मनवा_के : आईचं वय 61. क्रिएटिनिन 1.5 आलंय, गेल्या वर्षी 0.9 होतं. शुगर नाही. बीपीची गोळी आहे. किडनीच्या डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळालीय. तोपर्यंत डाळी बंद करू का? पाणी वाढवू का? प्लीज लवकर सांगा.

पंत_सातारकर : डाळी, टोमॅटो, पालक आजपासून बंद. पुनर्नव्याचा काढा सकाळ-संध्याकाळ. आमच्या ओळखीत दोघांचं क्रिएटिनिन खाली आलं.

लॅबवाला_काका : पंत, थांबा जरा. ताई, एकाच आकड्यावर काही सांगता येणार नाही. त्याच दिवशीचा बाकीचा रिपोर्ट टाका. हिमोग्लोबिन, सोडियम, पोटॅशियम, एसजीओटी, एसजीपीटी हे सगळं. लघवीत प्रोटीन आहे का? सोनोग्राफी झालीय का?

मनवा_के : हिमोग्लोबिन 9.9, सोडियम 129, पोटॅशियम 4.2, एसजीओटी 74, एसजीपीटी 41. लघवीत प्रोटीन नाही. सोनोग्राफीत किडन्या नॉर्मल आकाराच्या, लिव्हरही नॉर्मल. म्हणजे आता लिव्हर पण बिघडलं का?

शमिका : सोडियम कमी म्हणजे मीठ कमी पडतंय. लिंबू-मीठ-पाणी द्या दिवसातून तीनदा.

डॉ_गप्प : लिंबू-मीठ-पाणी नको. अशा पेशंटमध्ये बहुतेक वेळा मीठ संपलेलं नसतं, शरीरातलं पाणी बाहेर पडत नसतं. वरून पाणी ओतलं की सोडियम आणखी उतरतं. काढाही नको, तो लघवी वाढवणारा म्हणूनच देतात. आणि डाळी बंद केल्याने यातलं काहीच सुटणार नाही.

मनवा, एसजीओटी एसजीपीटीपेक्षा बरंच जास्त आहे आणि लिव्हर ठीक दिसतंय. एसजीओटी स्नायूंतूनही येतं. आईचे मांड्या-खांदे दुखतात का? जिना चढताना, खाली बसून उठताना त्रास होतो का? स्नायू दुखावल्याचं दाखवणारी सीपीके टेस्ट केलीय का? आणि थायरॉइडचं टीएसएच किती आहे?

मनवा_के : हो, उठताना हात टेकावा लागतो. वयाचं असेल असं वाटलं. थायरॉइड तर आठ वर्षांपासून आहे, 75 ची गोळी रोज घेते, म्हणून लिहिलं नाही. शेवटचं टीएसएच दोन वर्षांपूर्वी 3.2 होतं. मग त्याचा काय संबंध?

लॅबवाला_काका : संबंध तिथेच असू शकतो. ताई, सगळ्या गोळ्या लिहा, किती वाजता घेतात त्यासकट. "बीपीची गोळी" असं नको, पाकिटावरचं पूर्ण नाव.

मनवा_के : सकाळी सगळं एकदम देते म्हणजे विसरायला नको. आधी अ‍ॅसिडिटीची पँटोप्रॅझोल, मग चहाबरोबर थायरॉइड, कॅल्शियम, टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोन. सात महिन्यांपूर्वी गुडघ्यांसाठी कॅल्शियम सुरू झालं. चार महिन्यांपूर्वी कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून रात्री रोसुवास्टॅटिन. दोन महिन्यांपासून लोहाची गोळी, तीही सकाळीच.

डॉ_गप्प : आता क्रम बघा. कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतं, चहा आणि पँटोप्रॅझोलही शोषण कमी करतात. गोळी पोटात जाते पण रक्तात पुरेशी पोचत नाही. थायरॉइड कमी पडलं की कोलेस्टेरॉल चढतं, त्यावर स्टॅटिन सुरू झालं. थायरॉइड कमी असताना स्टॅटिनने स्नायू दुखावण्याचा धोका वाढतो. हिमोग्लोबिन उतरलं म्हणून लोह आलं, आणि लोहही त्याच गोळीला अडवतं. उपचारानेच आजार वाढवला असा हा फेरा असावा. टीएसएच आल्याशिवाय खात्री नाही.

क्रिएटिनिनचं कारणही इथे बसतं. थायरॉइड कमी असलं की किडनीकडे रक्त कमी जातं, गाळण मंदावते. किडनी खराब झालेली नसते, तिचं काम संथ झालेलं असतं. हे बहुतेक वेळा परत फिरतं.

दुर्वांकुर : क्रिएटिनिनवर विसंबू नका, किडनीचीच दुसरी टेस्ट, सिस्टॅटिन-सी करा. तेच अचूक.

डॉ_गप्प : इथे नेमकं उलटं. थायरॉइड कमी असताना सिस्टॅटिन-सी खाली जातं, मग किडनी आहे त्यापेक्षा चांगली दिसते. टीएसएच जागेवर आल्यावर हवं तर करा.

आधी हे करा : टीएसएच, फ्री टी-4, सीपीके, सकाळी आठचं कॉर्टिसोल, फेरिटिन, बी-12. लघवी चहाच्या रंगाची झाली, खूप गुंगी आली किंवा गोंधळल्यासारखं बोलू लागली तर घरी थांबू नका, थेट हॉस्पिटल.

शमिका : कॉर्टिसोल कशाला? खर्च वाढवता.

लॅबवाला_काका : अ‍ॅड्रिनल ग्रंथीही मंदावल्या असतील तर त्यानेही सोडियम उतरतं. त्या अवस्थेत थायरॉइड एकदम वाढवलं तर पेशंट कोसळू शकतो. हीच ती टेस्ट जी वगळू नये. पोटॅशियम 4.2 आहे म्हणून शक्यता कमी, पण शून्य नाही. आणि ताई, केसांसाठी बायोटिन देत असाल तर रक्त द्यायच्या दोन दिवस आधी बंद करा. काही मशीनवर टीएसएच खोटं कमी येतं.

वाटसरू_77 : माझं टीएसएच 5.4 आहे आणि क्रिएटिनिन 1.1. माझंही थायरॉइडमुळेच का?

डॉ_गप्प : 5.4 ने एवढं होत नाही. हे परिणाम टीएसएच बरंच वर, म्हणजे थायरॉइड बरंच कमी असताना दिसतात. वेगळा धागा काढा, वय, वजन लिहा.

मनवा_के : रिपोर्ट आले. टीएसएच 68. फ्री टी-4 0.4. सीपीके 1240. कॉर्टिसोल 15. फेरिटिन 92. बी-12 148. बायोटिन देत नाही. डोस दुप्पट करून घेऊ का?

दुर्वांकुर : नुसत्या कॅल्शियमने 68? मला पटत नाही. गोळ्या चुकत असणार.

डॉ_गप्प : शंका रास्त आहे. बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजा, खिडकीत उन्हात ठेवता का तेही पाहा. कारण दोन्ही मिळून असू शकतं.

डोस आणि वेळ दोन्ही एकदम बदलू नका. आजवर न पोचलेली 75 ची गोळी आता पूर्ण पोचेल, त्यावर दुप्पट डोस म्हणजे धडधड आणि छातीत दुखणं. छातीचा त्रास असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा. गोळी पहाटे साध्या पाण्याने, चहा तासाभराने, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. फेरिटिन 92 आहे, म्हणजे शरीरात लोहाचा साठा पुरेसा दिसतोय, मग लोहाची गोळी कशासाठी चाललीय ते विचारा. बी-12 मात्र खरंच कमी आहे. ऑटोइम्यून थायरॉइडबरोबर हे अनेकदा येतं, ते वेगळं भरावं लागेल, थायरॉइडच्या गोळीने भरणार नाही.

सोडियमबद्दल एक सांगतो, सगळं थायरॉइडवर ढकलू नका. बीपीच्या गोळीतलं क्लोरथॅलिडोन हेच जास्त संशयित आहे. ते आणि स्टॅटिन थांबवायचं का, हे आजच तुमच्या फिजिशियनला फोन करून ठरवा. मनाने बंद करू नका, बीपी उसळेल.

मनवा_के : त्यांनी क्लोरथॅलिडोन बदललं, रोसुवास्टॅटिन थांबवलं. पाच दिवसांनी सोडियम 134. क्रिएटिनिन मात्र 1.5 च आहे. म्हणजे किडनी खरंच गेली का?

लॅबवाला_काका : पाच दिवसांत क्रिएटिनिन कसं उतरेल? उतरलेलं सोडियम वर आलं ते औषध थांबलं म्हणून. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, क्रिएटिनिन आणि सीपीके एकाच दिवशी करा, एकाच लॅबमध्ये. हिमोग्लोबिन आणखी उशिरा चढेल, त्याला काही महिने द्या.

पंत_सातारकर : मग किडनीच्या डॉक्टरांची वेळ रद्द करायची?

डॉ_गप्प : नाही. टीएसएच ताळ्यावर येऊनही 1.5 राहिलं तर तेच बघणार आहेत. लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो करून ठेवा, साध्या तपासणीत न दिसणारं प्रोटीन त्यात कळतं. गेल्या वर्षीचा 0.9 चा कागदही सोबत न्या.

मनवा_के : बाटली मोजली. नव्वद दिवसांत 14 गोळ्या जास्तीच्या उरल्यात. आई म्हणते मी कधीच चुकवत नाही.