मदत हवी आहे: सेल्सच्या बायोडाटातल्या वरच्या चार ओळी अडल्या आहेत, उद्या संध्याकाळपर्यंत पाठवायचा आहे

रानवाट
नमस्कार मंडळी. बियाण्याच्या कंपनीत सेल्स ऑफिसर आहे, मुक्काम पांढरकवडा. दुसऱ्या एका कंपनीत टेरिटरी मॅनेजरची जागा निघाली आहे. बायोडाटाचं बाकी सगळं झालं, फक्त वरची समरी जमत नाही. आत्ता असं लिहिलं आहे:

"ग्रामीण विदर्भातील चार तालुक्यांचा अनुभव. खरीप २०२४ मध्ये टार्गेटच्या ११८ टक्के काम. मागील वर्षापेक्षा ४८ टक्के वाढ. विक्रेत्यांशी उत्तम संबंध. मेहनती व निकालाभिमुख."

हे अजून वजनदार कसं करता येईल? इंग्रजी मी करून घेईन, मजकूर मराठीतच सांगा. जरा लवकर सांगा, वेळ कमी आहे.

वर्धेकर
भाऊ, मी बिस्किटाच्या लाइनमध्ये नऊ वर्षं काढली. तुमच्या समरीत रोजचे कॉल कुठे आहेत? मी लिहिलं होतं, रोज ४० दुकानं, त्यातली २५ बिलं. त्यावरच मला घेतलं. टार्गेट सगळेच लिहितात, कॉल लिहा.

रानवाट
बियाण्यात रोज ४० दुकानं नसतात दादा. माझ्याकडे सगळे मिळून ३१ कृषी केंद्र आहेत.

जुना_आरएम
मी या धंद्यात २६ वर्षं होतो, शेवटची आठ वर्षं अमरावतीत रिजनल मॅनेजर म्हणून. वजन नंतर वाढवू. आधी सांगा, ११८ टक्के कशाचे? दुकानात टाकलेल्या मालाचे, म्हणजे प्लेसमेंटचे, की परत आलेला माल, म्हणजे रिटर्न, वजा करून? आणि ४८ टक्के वाढ कशावरून काढली?

रानवाट
प्लेसमेंट ७१ लाख, टार्गेट ६० लाख. ७१ भागिले ६० म्हणजे ११८. मागच्या वर्षी ४८ लाख होते, त्यावरून ७१ म्हणजे ४८ टक्के वाढ.

जुना_आरएम
मागच्या वर्षीचे ४८ प्लेसमेंट होते की निव्वळ?

रानवाट
निव्वळ. कंपनीच्या शीटमध्ये तेवढंच होतं.

जुना_आरएम
मग एका हातात कापसाचा भरलेला गाठोडा आणि दुसऱ्या हातात रुई असं वजन करून राहिले तुम्ही. एका वर्षाचं प्लेसमेंट आणि दुसऱ्या वर्षाचं निव्वळ, यांची तुलना होत नाही. रिटर्न किती आला ते सांगा.

नोकरीवाली_ताई
मी नागपुरात भरतीचं काम करते. आमच्याकडे एका जागेला दोनशे बायोडाटा येतात आणि पहिल्या नजरेत टक्केवारीच दिसते. प्लेसमेंट सगळेच लिहितात. ११८ ठेवा, पण "मेहनती" आणि "निकालाभिमुख" काढा, ते प्रत्येकाच्या बायोडाटात असतं.

कृषीकेंद्र_घाटंजी
ताई, प्लेसमेंट सगळेच लिहितात म्हणून तर आमची गोदामं भरतात. माझं कृषी केंद्र आहे, सतरा वर्षं झाली. एप्रिल-मेमध्ये ऑफिसर येतो, म्हणतो काका फक्त बिल लागू द्या, उरलं तर परत घेतो. कपाशीची पाकिटं येऊन पडतात. मग पाऊस लांबतो किंवा कास्तकार दुसराच वाण मागतो. ऑगस्टमध्ये मी पाकिटं मोजायला बसतो तर लॉट नंबर जुळत नाही, डब्बे फाटलेले असतात, गाडी येत नाही. तोवर त्या ऑफिसरची बदली झालेली असते. त्याच्या बायोडाटात ११८ टक्के आणि माझ्या खात्यावर कंपनीचं येणं. रानवाटभाऊ, तुम्हाला ओळखत नाही, राग तुमच्यावर नाही. पण हा आकडा आम्ही रोज पाहतो.

रानवाट
काका, मी बदली घेऊन पळालो नाही, रिटर्न स्वतः उचलला. १४ लाखांचा आला. सप्टेंबरमध्ये गाडी घेऊन फिरलो. एका दुकानात तर डब्यातून एकेक पाकीट काढून लॉट वाचत संध्याकाळचे साडेसात झाले होते, दुकानदाराने टॉर्च धरला होता.

जुना_आरएम
शाबास, आता खरं काम हाती लागलं. प्लेसमेंट ७१, रिटर्न १४, निव्वळ ५७. टार्गेट ६०. म्हणजे तुमचं काम ९५ टक्के. रिटर्न वीस टक्क्यांपेक्षा थोडा कमी. आता एक विचारतो, हे चारही तालुके मागच्या वर्षीही तुमच्याकडेच होते का?

रानवाट
नाही. केळापूर, घाटंजी आणि झरी जामणी माझ्याकडे आधीपासून. मारेगाव मे २०२४ मध्ये जोडलं, ते सांभाळणारे सर सोडून गेले म्हणून. त्याचा काय संबंध?

जुना_आरएम
सगळा संबंध तिथेच आहे. तुमचे ४८ तीन तालुक्यांचे आणि ५७ चार तालुक्यांचे. मारेगावचे आदल्या वर्षीचे आकडे मिळतील का?

रानवाट
मिळाले. त्या सरांचं निव्वळ ४ लाख होतं. माझ्या हाती ७ लाख झालं.

जुना_आरएम
मग चारही तालुके धरून ५२ वरून ५७, म्हणजे वाढ साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. तुमचे जुने तीन तालुके ४८ वरून ५०, म्हणजे चार टक्के. खरी उडी मारेगावची, ४ वरून ७. तुमच्या समरीतली सगळ्यात मजबूत ओळ हीच आहे आणि तुम्ही ती लिहिलीच नाही. हातात आलेला नवा तालुका ऐन हंगामात उभा केला, हे कोणीही तपासू शकतं, कारण त्या सरांचे आकडे कंपनीच्या शीटमध्ये आहेत.

नोकरीवाली_ताई
हे पटलं. पण ९५ लिहिलं की ११८ लिहिणाऱ्याच्या खाली जाणार ना? त्याला मुलाखतीला तरी बोलावतील.

रानवाट
ताई, एक सांगतो, आधी लपवलं होतं. मागच्या महिन्यात एका मुलाखतीत मी ११८ च सांगितलं होतं. समोरच्या साहेबांनी एवढंच विचारलं, "रिटर्न वगळून?" मी गप्प बसलो. त्यांनी फाईल बंद केली, चहा पाजला आणि पाठवून दिलं. म्हणून तर इथे विचारतोय.

जुना_आरएम
बियाण्याच्या लाइनमध्ये तो प्रश्न हमखास येतो. मी स्वतः शंभर वेळा विचारला असेल. उत्तर न देणारा माणूस आकडे लपवतो असं वाटत नाही, त्याला आपला धंदा कळत नाही असं वाटतं, आणि ते जास्त वाईट. दुसरं, पांढरकवड्याच्या बाजारात एक फोन केला की कोणत्या दुकानात किती माल परत गेला ते चहा संपायच्या आत कळतं.

कास्तकार_दारव्हा
बियाण्यावाले इथे जमले आहेत म्हणून विचारतो. घरचं सोयाबीन पेरायचं आहे, उगवण कशी तपासू? गेल्या साली विकतच्या बॅगेचं निम्मंही उगवलं नाही.

कृषीकेंद्र_घाटंजी
दादा, १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, ओल जाऊ देऊ नका. पाच-सात दिवसांनी चांगले कोंब मोजा. ७० च्या वर असतील तर बिनधास्त पेरा. कमी असतील तर बियाण्याचं प्रमाण वाढवावं लागेल. दाणे आपटू नका, सोयाबीनचं टरफल नाजूक असते.

रानवाट
दादा, त्यासाठी वेगळा धागा काढा ना, मला उद्या पाठवायचं आहे. बरं, "विक्रेत्यांशी उत्तम संबंध" याचं काय करू?

वर्धेकर
तिथे कॉल लिहा म्हणालो होतो. महिन्याला किती भेटी दिल्या ते.

जुना_आरएम
वर्धेकर, भेटी दिल्या म्हणजे संबंध जमले असं नाही. संबंध दोन ठिकाणी दिसतो, वसुलीत आणि दुसऱ्या वर्षीच्या बिलात. रानवाट, तुम्ही आलात तेव्हा दुकानं किती होती, त्यातली अजून किती घेतात, आणि ३१ मार्चला येणं किती राहिलं?

रानवाट
तीन वर्षांपूर्वी २३ दुकानं मिळाली. त्यातली १९ अजून दरवर्षी बिल घेतात. यादीत आता ३१ आहेत, पण या हंगामात प्रत्यक्ष माल घेतलेले २६. वसुली ३१ मार्च २०२५ पर्यंत ५७ पैकी ५१ लाख. बाकी ६ लाखांपैकी साडेतीन लाख झरी जामणी तालुक्यातल्या एकाच पार्टीकडे अडकले आहेत, दुकानच बंद पडलं.

जुना_आरएम
३१ कापा, २६ लिहा. "२३ पैकी १९ दुकानं तीन वर्षं टिकली" ही ओळ "उत्तम संबंध" यापेक्षा दहापट बोलकी आहे. वसुली सुमारे ९० टक्के लिहा. दुकानांची नावं आणि खातेउतारे मात्र पाठवू नका. तो तुमच्या आत्ताच्या कंपनीचा माल आहे. नाव न देता संख्या द्या. पुरावा म्हणून तुमच्या नावाची टार्गेट-शीट आणि इन्सेंटिव्हचं पत्र घरी तयार ठेवा, मागितलं तरच दाखवा.

नोकरीवाली_ताई
रिटर्नचे टक्के वर लिहायचे की नाही? मला वाटतं नको. निव्वळ आकडा दिला की त्यात सगळं आलंच. उगाच कमकुवत बाजू पहिल्या ओळीत कशाला?

कृषीकेंद्र_घाटंजी
मला वाटतं लिहावं. रिटर्न स्वतः उचलला हेच या पोराचं काम आहे. साधारण ऑफिसर ते करतच नाही.

जुना_आरएम
या बाबतीत मी ताईंच्या बाजूने. "निव्वळ" हा शब्द असला की जाणकार समजतो. पण मुलाखतीत विचारलं की १४ लाख म्हणून एका श्वासात सांगायचं.

रानवाट
नवीन मसुदा:

"केळापूर, घाटंजी, झरी जामणी आणि मारेगाव (यवतमाळ जिल्हा) या चार तालुक्यांत बियाणे विक्री. खरीप २०२४ मध्ये ६० लाखांच्या टार्गेटपैकी रिटर्न वजा करून ५७ लाख निव्वळ विक्री (९५ टक्के). चारही तालुके धरून मागील वर्षापेक्षा साडेनऊ टक्के वाढ. मे २०२४ मध्ये सोपवलेल्या मारेगाव तालुक्याची निव्वळ विक्री ४ लाखांवरून ७ लाख. ३१ मार्च २०२५ पर्यंत सुमारे ९० टक्के वसुली. तीन वर्षांपूर्वी मिळालेल्या २३ विक्रेत्यांपैकी १९ अजूनही नियमित खरेदी करतात."

वर्धेकर
आमच्या साहेबांनी इतका लांब मजकूर वाचलाच नसता.

नोकरीवाली_ताई
थोडा लांब आहे, पण वाया जाणारं एक वाक्य नाही. मारेगावची ओळ वर घ्या. आणि मारेगावात नेमकं काय केलं, ते मुलाखतीसाठी दोन वाक्यांत तयार ठेवा. चार लाखांवरून सात म्हटलं की "कसं?" विचारणारच.

रानवाट
चार दुकानं नवीन जोडली. दोन जुन्या दुकानदारांचा आधीच्या सरांशी क्रेडिट नोटवरून वाद होता, तो मिटवला. कापूस जूनच्या आधी लावू नका असं कृषी विभाग बोंडअळीमुळे सांगतो, म्हणून त्या तालुक्यात मेमध्ये माल थोडाच टाकला आणि जूनमध्ये मागणी पाहून दोनदा भरला. रिटर्न तिथे सगळ्यात कमी आला.

कृषीकेंद्र_घाटंजी
हे असं आमच्याकडे कोणी केलं असतं तर मी स्वतः फोनवर सांगितलं असतं.

जुना_आरएम
हेच सांगा. आणि त्या बंद पडलेल्या पार्टीबद्दल विचारलं तर नोटीस कधी दिली, चेक आहे की नाही, हे तारखेसह लक्षात ठेवा. संदर्भासाठी कोणाचा नंबर देणार?

रानवाट
मारेगावच्या एका दुकानदारांचा द्यावा म्हणतो. पण त्यांना अजून विचारलं नाही. न विचारता नंबर देणं बरोबर नाही. सकाळी सात वाजता ते शटर उघडतात, तिथेच जातो.

कास्तकार_दारव्हा
गोणपाटावर रोज पाणी शिंपडायचं की एकदाच भिजवायचं?