अर्ध्या तासाचं पाप आणि वर्षभराचा डिमांड चार्ज

प्लास्टिकवाला:
या महिन्यात युनिट कमी, ऑर्डर कमी, एक शिफ्ट बंद, तरी डिमांड चार्ज वाढून आला. कारण काय तर एमडी, मॅक्सिमम डिमांड. कुठल्यातरी एका अर्ध्या तासात आकडा वर गेला म्हणून अख्ख्या महिन्याचे पैसे त्या आकड्यावर. एचटी म्हणजे हाय टेन्शन कनेक्शन आहे, कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे करारातली मागणी, २०० केव्हीएची, ती मी कधी ओलांडलेली नाही, मग हे कसले पैसे? सरळ लूट आहे.

जुना पॅनलवाला:
लूट शब्द वाचला की माझं डोकं सटकतं, म्हणून जरा लांबण लावतो. कॉन्ट्रॅक्टच्या आत राहिलं की सगळं माफ असं कोणी सांगितलं तुम्हाला? आत राहिलात म्हणजे फक्त दंड वाचला. जेवढी डिमांड नोंदली गेली तेवढ्याचे पैसे लागतातच.

माझ्याच अंगावर आलेलं सांगतो. २०१९ साली भोसरीत एका मोल्डिंग शॉपचं मेंटेनन्स माझ्याकडे होतं, सहा मशिनी, कॉन्ट्रॅक्ट तुमच्यासारखंच २०० चं. रोजचा एमडी १२० च्या आसपास. भोसरीत सुट्टी गुरुवारी, त्यामुळे शुक्रवारी सकाळी सगळं गार. आमचा एक नवीन सुपरवायझर भारी उत्साही, साताला आला आणि पाच मिनिटांत सगळे ब्रेकर वर. सहा बॅरलचे हीटर धरा ७० किलोवॅट, हॉपर ड्रायर २४, मोल्डचे टेंपरेचर कंट्रोलर ३६, वर चिलर आणि कॉम्प्रेसर मिळून पन्नासेक, बाकी किरकोळ. एरवी चालू मशिनीत हीटर थोडा वेळ ऑन, जास्त वेळ ऑफ असतो. गार बॅरल मात्र पाऊण तास सलग ओढतो. अख्खा अर्धा तास सगळं एकदम ओढत राहिलं आणि मीटरने १९६ नोंदवले.

आता हिशोब. रेट तेव्हा चारशेच्या आतबाहेर होता, सोपं जावं म्हणून ४०० धरा. त्या महिन्यात १२० ऐवजी १९६, म्हणजे ७६ केव्हीए जास्तीचे, ३०,४०० रुपये. इथे संपलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण एचटीला मागच्या अकरा महिन्यांतल्या सगळ्यात मोठ्या बिलिंग डिमांडच्या ७५ टक्के तरी भरावेच लागायचे. १९६ चे ७५ टक्के १४७. म्हणजे पुढे रोज शहाण्यासारखे १२० वर चाललो तरी बिल १४७ चं. महिन्याला २७ केव्हीए फुकटचे, १०,८०० रुपये, असे अकरा महिने. सगळं मिळून १,४९,२०० रुपये. त्या अर्ध्या तासात जळालेली वीज शंभर युनिटच्या आतली.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मीही लूटच म्हणालो होतो. नंतर लोड सर्व्हे, म्हणजे मीटरमधली दर अर्ध्या तासाची नोंद, काढला आणि गप्प झालो.

स्टार डेल्टा:
एवढं पुराण कशाला. सरळ गोष्ट आहे, मोटर स्टार्ट होताना सहापट करंट घेते, तोच एमडीवर बसतो. मी स्वतः क्लॅम्प मीटर लावून बघितलंय, ५० एचपीच्या कॉम्प्रेसरला काटा कुठच्या कुठे जातो. सगळ्या मोठ्या मोटरना सॉफ्ट स्टार्टर लावा, एमडी खाली येतो. आमचा आला.

जुना पॅनलवाला:
दादा, क्लॅम्प मीटर जे दाखवतो ते एमडी नव्हे. मीटर अर्ध्या तासाची सरासरी घेतो. तुमची मोटर सुरू होताना २७० केव्हीए घेते असं धरू, किती वेळ? दहा सेकंद. अर्ध्या तासात १८०० सेकंद. २७० गुणिले १० भागिले १८०० करा, दीड केव्हीए येतो. दीड! सॉफ्ट स्टार्टर लावा, बेअरिंग आणि बेल्टला बरंच आहे, पण त्याच्या जिवावर एमडी उतरेल म्हणून पैसे घालू नका.

स्टार डेल्टा:
मग आमचा २० ने कमी कसा झाला? बिलं आहेत माझ्याकडे. कागदावरची गणितं आम्हालाही येतात.

बिलंवाली ताई:
स्टार डेल्टा दादा, त्याच वेळी कपॅसिटर पॅनल पण दुरुस्त केलं होतं का? आमच्याकडे हुबेहूब असंच झालं होतं. सगळे मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीचं कौतुक करत बसले आणि मी जुनी बिलं शेजारी ठेवली तर पीएफ, म्हणजे पॉवर फॅक्टर, ०.८६ वरून ०.९८ वर गेलेला. डिमांड केव्हीएमध्ये मोजतात, पीएफ सुधारला की तोच लोड कमी केव्हीएत बसतो. श्रेय लाटलं भलत्यानेच.

स्टार डेल्टा:
पॅनलचे दोन कॉन्टॅक्टर बदलले होते. पण फरक सॉफ्ट स्टार्टरनेच पडला, माझं मत बदलणार नाही.

प्लास्टिकवाला:
मोटर राहू द्या हो. पॅनलवाले साहेब, तुमचा सुपरवायझर चुकला, मान्य. पण सकाळी सातला माझ्यामुळे कोणाचा ट्रान्सफॉर्मर जळणार होता? तेव्हा फीडरवर कोणी नसतं. ज्या वेळी खरी टंचाई तेव्हाचे घ्या की पैसे.

जुना पॅनलवाला:
पंगत एकदाच पाचशेची बसली तरी भांडी पाचशेचीच आणावी लागतात. तुमच्यासाठी केबल, ट्रान्सफॉर्मर, सबस्टेशनातली जागा २०० ची अडवून ठेवलीय, तुम्ही वापरा न वापरा.

प्लास्टिकवाला:
मग भांड्यांचं भाडं २०० च्या कॉन्ट्रॅक्टवर एकदाच ठरवा ना, वर अजून मोजणी कशाला? आणि पंगत तुमची एकट्याची नसते, तीच भांडी संध्याकाळी दुसरा वापरतो, त्याच्याकडूनही पूर्ण भाडं घेता.

जुना पॅनलवाला:
हं, हा मुद्दा बरा आहे. सगळ्यांचे पीक एकाच वेळी येत नाहीत, तरी ज्याचा त्याचा पीक मोजून पैसे घेतात, हे खरं. पण रात्री दहा ते सकाळी सहामधला एमडी बिलिंगला धरत नव्हते, ही सवलत तरी होतीच की. आम्ही नंतर तेच केलं. शुक्रवारी पहाटे साडेचारला वॉचमनने तीन मशिनींचे हीटर लावायचे, सव्वापाचला उरलेले तीन, शिफ्ट आली की ड्रायर आणि शेवटी चिलर. वॉचमनला वर पाचशे रुपये महिना. परत कधी १३० च्या वर गेलो नाही. आज तुमच्या बिलात कोणते तास धरलेत ते टॅरिफ ऑर्डरमध्ये बघून मगच वॉचमनला उठवा.

गच्चीवर सोलर:
एवढ्या भानगडी करण्यापेक्षा सोलर टाका आणि मोकळे व्हा.

बिलंवाली ताई:
आता यावर मी बोलणारच. आमच्या मालकांनी टाकलं. विकणाऱ्याने बिल निम्म्यावर येईल म्हणून सांगितलं होतं. युनिट कमी झाले, नाही म्हणत नाही. डिमांड चार्ज एक रुपयाने हलला नाही! कारण आमचा एमडी लागतो संध्याकाळी साडेसहाला, शिफ्ट बदलताना, तेव्हा गच्चीवर काय चांदणं?

गच्चीवर सोलर:
तुमचं डिझाइन चुकलं असेल. आमच्याकडे दुपारी मीटर जवळजवळ शून्यावर असतो.

बिलंवाली ताई:
दुपारी शून्य असून काय उपयोग, महिन्यात एक ढगाळ दुपार किंवा एक संध्याकाळ पुरते आकडा बसायला. उरलेले एकोणतीस दिवस शून्य दाखवलंत तरी बिलात तोच एक अर्धा तास. आणि दुसरी गंमत ऐका. सोलर आल्यावर आमचा पीएफ पडला! मला वाटलं कपॅसिटर गेले.

जुना पॅनलवाला:
कपॅसिटर नाही गेले ताई. लोड १०० किलोवॅट आणि रिॲक्टिव्ह ३३ धरा, पीएफ ०.९५. आता सोलरने ७० किलोवॅट दिले. ग्रिडकडून किलोवॅट उरले ३०, पण रिॲक्टिव्ह ते ३३ तसेच. वर्ग करून बेरीज, वर्गमूळ, केव्हीए ४५ च्या आसपास, पीएफ ०.६७. डिमांड चार्जला धोका नाही, ४५ म्हणजे कमीच आहे. पण युनिट किलोवॅट-तासांऐवजी केव्हीएएचवर मोजत असतील तर वाचवलेल्यातलं तिथे परत जातं. कपॅसिटर आपोआप लावणाऱ्या-काढणाऱ्या एपीएफसीच्या रिलेला ग्रिडकडचा, करंट मोजणारा सीटी मिळतोय का आणि छोटे कपॅसिटर स्टेप आहेत का, तेवढं बघा.

गच्चीवर सोलर:
म्हणजे सोलर वाईट असं म्हणायचंय का तुम्हाला? कोळशाच्या काळातली माणसं.

बिलंवाली ताई:
वाईट कोण म्हणतंय? खोटं सांगून विकू नका एवढंच म्हणतेय. सही केलेल्या कोटेशनवर "डिमांड चार्ज बचत" अशी ओळ होती, पीडीएफ अजून आहे माझ्याकडे.

गच्चीवर सोलर:
ज्याने विकलं त्याला विचारा, मला काय. बॅटरी लावली की एमडीही उतरतो.

जुना पॅनलवाला:
उतरतो. बॅटरीच्या किमतीत डिमांड चार्जची किती वर्षं बसतात तेही सांगा मग.

भट्टीवाला:
इथे सगळे प्लास्टिकवाले दिसतात. आमची इंडक्शन फर्नेस आहे, तीच आमचा एमडी. पाळीपाळीने काय लावायचं, एकच तर आहे. पॅनलवर पॉवर कमी ठेवली की हीट लांबते, मेटल तयार व्हायला उशीर, मोल्ड वाट बघत बसतात. आणि माझी खरी तक्रार वेगळी आहे. महिन्यातून चारदा फीडर ट्रिप होतो. वीस मिनिटांनी येतो. तोपर्यंत भट्टी गार, कॉम्प्रेसरची टाकी रिकामी, कूलिंगचे पंप बंद. आली की सगळं एकदम फुल लोडवर, दुसरा इलाज नाही, भट्टीत मेटल गोठलं तर लायनिंग जातं. त्या अर्ध्या तासाचा एमडी माझ्या बिलात का? लाईट मी घालवली होती का?

जुना पॅनलवाला:
...याला माझ्याकडे उत्तर नाही. हा अन्याय आहे. लोड सर्व्हेत अर्ध्या तासाच्या एका ब्लॉकला आकडा पडलेला दिसतो आणि त्याच्या पुढच्याच ब्लॉकला उडी, म्हणजे पुरावाही मीटरमध्येच असतो. अर्ज केला होतात का?

भट्टीवाला:
दोनदा. उत्तर आलं की डिमांड तुमच्या मीटरवर नोंदली गेली आहे. मोठा शोध.

स्टार डेल्टा:
टाइमर लावा, लाईट आली की एकेक आपोआप सुरू होईल. सॉफ्ट स्टार्टरमध्ये सोय असते.

भट्टीवाला:
भट्टीला टाइमर लावून दाखवा एकदा, चहा पाजतो.

प्लास्टिकवाला:
आत्ता मीटरपाशी जाऊन बटण दाबून आलो. एमडी १८८, शुक्रवार, सकाळी साडेसात. पॅनलवाले साहेब, खूश व्हा. पण गेटवरच्या वहीत लिहिलंय की त्या दिवशी पावणेसहाला लाईट गेली आणि सहा वाजून पन्नास मिनिटांनी आली. आमचा माणूस साडेपाचलाच तीन मशिनी लावून बसला होता, त्या परत गार झाल्या.

भट्टीवाला:
वहीच्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा.