वाघ-सिंह तुलनेच्या तक्त्यात गीरचा सिंह कुठे बसवायचा? मदत हवी आहे

मुलगी सहावीत आहे. वर्गातल्या प्रकल्पासाठी वाघ आणि सिंहाचा तुलना तक्ता करायचाय: सामाजिक जीवन, शिकारीची पद्धत, अधिवास.

वाघाचा रकाना ताडोबावरून भरला. सागवान-बांबूचं जंगल, वाघ एकटा राहतो, पिल्लं साधारण दोन वर्षं आईजवळ असतात. आडोशाने दबकत सांबराच्या अगदी जवळ जायचं, मग थोड्या अंतराची झेप आणि गळ्याची पकड. लांबवर पाठलाग त्याला झेपत नाही, म्हणून दाट झाडोरा लागतो. इथे अधिवास आणि शिकार एकमेकांना छान जोडले गेले.

अडलंय सिंहापाशी. पुस्तकात 'गवताळ प्रदेश, मोठा कळप, गटाने शिकार' एवढंच आहे. हे आफ्रिकेतल्या सेरेंगेटीला लागू पडतं. तिथे लपायला आडोसा कमी, म्हणून सिंहिणी पांगून झेब्य्राला घेरतात. पण आपला गीरचा सिंह सागाच्या कोरड्या, पानगळी जंगलात राहतो. तिथे सिंहिणींचे गट लहान असतात आणि नर बहुतेक वेळ वेगळे, जोडीने वगैरे फिरतात. मीलनाच्या वेळी किंवा मोठ्या शिकारीवरच एकत्र दिसतात. चितळासारखं भक्ष्य लहान असल्याने मोठ्या गटाला ते पुरतही नाही.

मला वाटतं, सिंहाचे दोन रकाने करावेत, आफ्रिका आणि गीर. पण तक्ता एका कार्डशीटवर मावायला हवा. शिक्षकांनो, सहावीच्या मुलांना तीन रकाने झेपतील का, की एकाच रकान्यात गीरची वेगळी ओळ पुरे? आणि गीर पाहिलेल्यांनी सांगा, तिथल्या सिंहिणी शिकार करताना आडोसा कसा वापरतात?