मदत हवी आहे: रात्रीच्या शहराच्या फोटोत आतषबाजी घातली, पण पाण्यातलं प्रतिबिंब खोटं वाटतंय

शर्वरी_क

नदीपलीकडच्या इमारतींचा रात्रीचा फोटो आहे, ६००० × ४००० पिक्सेलचा. काठावरून, ट्रायपॉड लावून काढलेला. इमारतींच्या मागे आतषबाजीचा एक फुलोरा घातलाय आणि त्या लेअरचा मोड स्क्रीन केलाय. तीन गोष्टी खटकतात.

१. फुलोऱ्याभोवती फिकट चौकोन दिसतो.
२. लेअर उलटा करून इमारतींच्या पायाशी पाण्यात ठेवला, तो चिकटवल्यासारखा दिसतो.
३. इमारतींवर केशरी रंग फिरवला, तर त्या धुक्यात असल्यासारख्या वाटतात.

वरून मोजलं तर पाण्याची कड २६०० वर, छपरं साधारण १७०० वर आणि फुलोऱ्याचा मध्य ११०० वर आहे. फुलोऱ्याची त्रिज्या सुमारे ५०० आहे.

रंगरेषा

चौकोनाचं कारण सोपं आहे, फटाक्यांच्या फोटोतलं आकाश पूर्ण काळं नाही. स्क्रीनमध्ये फक्त शुद्ध काळा नाहीसा होतो. तिथे काळा २२ असेल आणि तुमचं आकाश ३०, तर बेरीज ४९ च्या आसपास जाते आणि डोळ्याला लगेच कळते. फुलोऱ्याच्या लेअरला लेव्हल्स क्लिप करा आणि काळा स्लायडर २५ पर्यंत आणा. इमारतींवर मात्र केशरी रंग हवाच. सॉफ्ट लाइट मोडमध्ये मोठ्या ब्रशने भिंतींवर फिरवा.

ट्रायपॉडवाला

मी स्क्रीन वापरतच नाही, लायटन वापरतो. एकाच जागेवरून काढलेले पाच फोटो एकावर एक ठेवतो, फुलोरे आपोआप जमा होतात.

पाणसावली

ट्रायपॉडवाला, तुमच्या बाबतीत लायटनच बरोबर, कारण पाचही फोटोंत तेच शहर आहे. स्क्रीन केलं तर खिडक्यांचे दिवे पाच वेळा मिसळून पांढरे पडतील. शर्वरीताईंकडे फुलोरा दुसऱ्या फोटोतून आलाय, त्यामुळे स्क्रीन योग्य आहे.

आता प्रतिबिंब. फुलोरा पाण्याच्या कडेपासून जेवढा वर, तेवढंच त्याचं प्रतिबिंब खाली. मध्य कडेच्या १५०० पिक्सेल वर आहे, म्हणजे प्रतिबिंबाचा मध्य ४१०० वर येतो. तो फोटोच्या बाहेर गेला! फुलोऱ्याची खालची कड १६०० वर आहे, ती पाण्यात ३६०० ला दिसेल. म्हणजे तळाच्या फक्त ४०० पिक्सेलमध्ये फुलोऱ्याचा खालचा भाग उलटा दिसायला हवा. छपरांचं प्रतिबिंब ३५०० पर्यंत येतं, त्याच्या खाली ते नीट बसतं. तुम्ही फुलोरा इमारतींच्या पायाशी ठेवलाय, तिथे तर इमारतींचंच प्रतिबिंब आहे.

हलत्या पाण्यात प्रकाश उभा ताणला जातो. उलट्या लेअरला ९० अंशांचा मोशन ब्लर द्या, १०० पिक्सेलपासून सुरुवात करून बघा. मग मूळ फोटोत खिडक्यांच्या दिव्यांच्या रेघा पाण्यात किती लांब आणि किती तुटक आहेत ते पाहून तितकाच ताण ठेवा. जवळच्या पाण्यात आपण जास्त खाली बघतो, तिथे प्रतिबिंब फिकट असतं. म्हणून मास्कमध्ये तळाकडे उतरता ग्रेडियंट द्या.

फुलोरा आणि प्रतिबिंब एका फोल्डरमध्ये टाकलंत तर फोल्डरचा मोड नॉर्मल ठेवू नका. नाहीतर आतला स्क्रीन फोल्डरबाहेर पोचत नाही आणि काळा चौकोन परत उभा राहतो.

रंगरेषा

आणि भिंतींचा रंग?

पाणसावली

फुलोरा इमारतींच्या पुढे, नदीवर फुटत असता तर तुमचं म्हणणं मान्य. इथे तो मागे आहे. आपल्याकडे तोंड केलेल्या भिंतीवर त्याचा प्रकाश थेट पडतच नाही. उजळतात त्या फक्त छपरांच्या कडा, पाण्याच्या टाक्यांच्या बाजू आणि मागचा धूर. त्या कडांवर दोन-चार पिक्सेलची रेघ पुरते. रंग मात्र फुलोऱ्याच्या पांढऱ्या गाभ्यातून न घेता ठिणगीच्या शेपटीतून घ्या.

पुढची भिंत उजळायची वेळ आलीच, तर स्क्रीनमध्ये सपाट रंग नको. तो काळ्या सावल्याही वर उचलतो, तेच तुमचं धुकं. कर्व्हज लेअरने भिंत उजळा, लाल चॅनल थोडा जास्त उचला आणि काळ्याचा बिंदू जागेवर ठेवा. खिडक्या मास्कमधून वगळा, त्यांचा उजेड आतून येतो.

शर्वरी_क

काळा २६ केल्यावर चौकोन गेला, पण ठिणग्यांच्या शेपट्या थोड्या तुटल्या. प्रतिबिंब तळाला नेल्यावर फोटो एकदम जागेवर आला. हाच फोटो उंच गच्चीवरूनही काढलाय, तिथेही २६०० सारखी इमारतींखालचीच कड धरायची का?

पाणसावली

शेपट्यांसाठी स्लायडर २० वर आणा, उरलेला चौकोन मास्कच्या मऊ कडेने पुसा.

गच्चीवरून मात्र ती कड चालणार नाही. फुलोऱ्याचा आरसा त्याच्या बरोब्बर खालच्या, इमारतींमागे लपलेल्या पाण्याच्या पातळीवर धरायचा, आणि ती उंचावरून क्षितिजाकडे सरकलेली दिसते. त्यामुळे प्रतिबिंब वर सरकून इमारतींच्या प्रतिबिंबामागे बरंचसं लपतं. किती, ते फटाके इमारतींच्या किती मागे धरता यावर आहे.

रंगरेषा

मग गच्चीच्या फोटोत प्रतिबिंब न घालता नुसती पाण्यावर रंगाची झाक दिली तर चालेल का?

पाणसावली

पूर्ण लपत असेल तर चालेल. पण लाटांमुळे थोडा प्रकाश इमारतींच्या प्रतिबिंबाखालीही सांडतो. तो किती, हे फोटो पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. गच्चीचा फोटो इथे टाका.