नोकरी सोडून शिकायला गेलेल्या सिस्टर, तुमचं राजीनाम्याचं पत्र आठवतं का?

कठाणीकाठ
भाचीला नागपुरात एम.एस्सी. नर्सिंगला जागा मिळाली. ती एनएचएमवर, जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत आहे. काल फोनवर विचारत होती, "मावशी, राजीनाम्यात काय लिहू?" मला माझं पत्र आठवलं. मीही पी.बी.बी.एस्सी.साठी गडचिरोलीची कंत्राटी नोकरी सोडली होती. इन्चार्ज सिस्टरांनी शेजारी बसून लिहून घेतलं होतं:

"प्रति, मा. जिल्हा शल्य चिकित्सक. मार्फत, मा. अधिसेविका. विषय: उच्च शिक्षणासाठी राजीनामा. माझी पी.बी.बी.एस्सी. अभ्यासक्रमासाठी निवड झाली आहे. एक महिन्याची पूर्वसूचना देऊन मी अधिपरिचारिका पदाचा राजीनामा सादर करीत आहे. दिनांक … रोजी कार्यालयीन वेळेनंतर मला कार्यमुक्त करावे, ही विनंती. सोबत: निवडपत्राची प्रत."

सिस्टरांचा सगळा जोर त्या तारखेवर होता. "महिन्याने सोडा" असं मोघम लिहिलं की ऑफिस आपल्या सोयीने मोजतं, म्हणायच्या. तुमचंही लिहा.

वरुडची_संत्री
तारखेपेक्षा पोच महत्त्वाची!! माझ्या नणंदेने ३ तारखेला पत्र मेट्रन मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मॅडम रजेवर. १९ तारखेला चौकशी केली तर बाबू म्हणतो आमच्याकडे काही आलंच नाही. मग आवक-जावकला दुसरी प्रत दिली, शिक्का आणि आवक क्रमांक आपल्या प्रतीवर घेतला. महिना तिथून धरला. कॉलेजला पुढच्या महिन्याच्या १० ला हजर व्हायचं होतं, म्हणून कमी पडलेल्या दिवसांचा पगार सोडून मोकळी झाली. कुकर लावलाय, नंतर येते.

पुसद_पोरगी
राजीनामा देऊच नका गं. पेन्शन सगळी बुडते. अध्ययन रजा घ्या, सगळ्यांना मिळते.

निवृत्त_आस्थापना
ताई, अर्धं बरोबर आहे. अध्ययन रजा कायम कर्मचाऱ्यांना, तीही साधारण पाच वर्षं सेवा झाल्यावर, आणि परत येऊन सेवा करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं. कंत्राटीला ती नाही. पेन्शनचं म्हणाल तर १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत नियम ४६ आहे, राजीनाम्याने आधीची सेवा जप्त होते. पण १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना मुळात डीसीपीएस, पुढे एनपीएस. त्यांचे जमा पैसे प्राण क्रमांकावर राहतात. जाते ती ज्येष्ठता आणि शिल्लक रजा.
दुसरं, कायम असाल तर मंजुरी नियुक्ती करणाऱ्या अधिकाऱ्याची. रुग्णालयातून अर्ज फक्त पुढे जातो, म्हणून वेळ लागतो. मंजुरी यायच्या आधी घरी बसलात तर ती अनधिकृत गैरहजेरी धरतात. माझ्या टेबलावर अशा फायली येत होत्या. मुली कॉलेजात पोचलेल्या आणि इकडे नोटिसा निघालेल्या.

बुलढाण्याची_माय
माही पोरगी एएनएम झाली औंदा. तिले जीएनएम करायचं हाय. तिनं राजीनामा कोनाले द्यावा?

कठाणीकाठ
काकू, नोकरीला लागली का ती?

बुलढाण्याची_माय
नाई बापा, अजून कुठं.

कठाणीकाठ
मग राजीनाम्याचं कामच नाही. बिनधास्त फॉर्म भरू द्या.

वैनगंगा_सिस्टर
नाइटवरून आले, थोडक्यात लिहिते. पत्र गेलं की लगेच चार्जकडे बघा. माझं नो ड्यूज अडलं ते चादरींवर. रजिस्टरला ४० आणि कपाटात ३१. बाकीच्या धोब्याकडे, पण चिठ्ठी कुणी जपलेली नव्हती. शेवटी लाँड्रीच्या वहीतली ओळ शोधून सही घेतली. एसएनसीयूत असेल तर पल्स ऑक्सिमीटरचे प्रोब, वॉर्मरचे सेन्सर एकेक डेड स्टॉकला लावून बघायला सांगा. तुटलेलं असेल तर तेव्हाच निर्लेखनाला टाका. कपाटाची किल्ली ज्यांच्या हातात दिली त्यांची तारखेनिशी सही घ्या. आणि अनुभव प्रमाणपत्र त्याच आठवड्यात मागा. एम.एस्सी.ला वर्षाचा अनुभव बघतात, त्यात "पासून-पर्यंत" तारखा हव्यात.

वरुडची_संत्री
कार्यमुक्तीचा आदेश आणि प्रमाणपत्र, दोन्हींत शेवटची तारीख एकच आहे ना ते बघायचं. नणंदेच्या कागदांत फरक निघाला, परत अमरावतीहून यावं लागलं.

पुसद_पोरगी
बरं झालं कळलं, मी सगळ्यांनाच मिळते समजत होते. नागपुरात मेडिकल चौकाजवळ डबा कुठला चांगला? माझी जाऊ पण जाते आहे.

वैनगंगा_सिस्टर
हॉस्टेलची मेसच बघ आधी. सुरुवातीला ड्युट्यांमुळे डब्याची वेळ जमत नाही.

कठाणीकाठ
भाचीच्या करारात "एक महिना अगोदर लेखी सूचना" एवढंच आहे. मग महिना पत्राच्या तारखेपासून की शिक्क्याच्या?

निवृत्त_आस्थापना
आम्ही शिक्क्याची धरायचो. एनएचएमचं जिल्ह्याजिल्ह्यात वेगळं चालतं, तिथल्या कार्यक्रम व्यवस्थापकाला विचारलेलं बरं.

वैनगंगा_सिस्टर
आमच्याकडे पत्राची धरली होती. दोन्ही एकाच दिवशीच्या करा, म्हणजे वादच नको. उद्या सकाळी ऑफिस उघडताच जायला सांगा तिला, दुपारी बाबू सापडत नाही.