घाम लपवणारा फिका रंग

> मे महिन्यात रत्नागिरीला लग्न आहे. फिका शर्ट गार वाटतो, पण घामाचे डाग दिसतात. रंग कोणता घ्यावा?

आकाशी आणि फिका राखाडी हे दोन रंग घेऊ नका. कापड भिजलं की धाग्यांमधल्या हवेच्या जागी पाणी भरतं, प्रकाश कमी विखुरतो आणि तेवढा भाग गडद दिसतो. या दोन रंगांवर तो फरक लगेच डोळ्यात भरतो. पांढऱ्यावर आणि सायीच्या रंगावर तो सगळ्यात कमी दिसतो, मात्र पातळ पांढरं कापड भिजलं की आरपार दिसायला लागतं.

मागच्या मे महिन्यात मी मालवणला एका साखरपुड्याला आकाशी शर्ट घालून गेलो. जेवणाची पंगत बसायच्या आत काखेत आणि पाठीवर निळे पट्टे उमटले होते. दुसऱ्या दिवशी सायीच्या रंगाचा, बारीक पिवळट चौकडीचा सुती शर्ट घातला. घाम तेवढाच आला, पण चौकडीत ओल हरवून गेली.

दुकानात एक करा. बोट पाण्यात बुडवून शर्टाच्या खालच्या दुमडीला आतून दाबा आणि दाराशी उजेडात बघा. ठिपक्याची कड स्पष्ट दिसली तर तो शर्ट ठेवून द्या.

आणि माप थोडं सैलच घ्या. किनाऱ्यावर हवा इतकी दमट असते की घाम लवकर वाळत नाही. अंगाला चिकटलेलं कापड कितीही फिकं असलं तरी ते गार वाटणार नाही.